दमट वॉर्डातली लांब ड्यूटी: स्क्रबचं कापड आणि पायातला जोड कसा निवडावा

मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरीकडचा जनरल वॉर्ड डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. एसी नाही, डोक्यावर पंखे, फरशी दिवसातून अनेकदा ओल्या फडक्याने पुसलेली, आणि ड्यूटी सहा तासांची किंवा रात्री ८ ते सकाळी ८ अशी सलग बारा तासांची. अशा वॉर्डासाठी कपडे घेताना बहुतेक जणी दुकानात कापडाला हात लावून बघतात, मऊ लागलं की घेतात. बुटांचंही तसंच. पण कोरड्या, थंड दुकानात पाच मिनिटांत जे आरामदायक वाटतं, ते घामाने भिजल्यावर सहाव्या तासाला कसं वागेल हे त्या स्पर्शावरून कळत नाही.

जुलैत किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. घाम शरीर थंड करतो तो उडून जाताना. नुसता ओघळून कापडात मुरलेला घाम थंड करत नाही. हवाच ओली असली की घाम उडायचा वेग मंदावतो, आणि मग एकच आधार उरतो: अंगावरून खेळणारी हवा. त्यामुळे इथे कापड घामाला किती शोषतं यापेक्षा ते हवा किती येऊ देतं आणि भिजल्यावर किती लवकर सुकतं हे महत्त्वाचं. पायातल्या जोडालाही हीच कसोटी लावायची. पुढच्या ड्यूटीआधी जे पूर्ण सुकत नाही, ते कितीही मऊ असलं तरी या वॉर्डासाठी चुकीचं.

आधी कापडाचा प्रकार ठरवा

'गरमीत शुद्ध कॉटनच बरं' हा सल्ला नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात खरा ठरतो. भिजलेलं सुती कापड तिथे भराभर सुकतं आणि सुकता सुकता गारवा देतं. मुंबईच्या पावसाळ्यात तेच जाड सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. ड्यूटीच्या चौथ्या तासाला पाठ आणि काखा ओल्या होतात, त्या सकाळपर्यंत ओल्याच राहतात. ओलं सुती कापड अंगाला चिकटतं, त्याची छिद्रं पाण्याने भरतात, हवा आत येत नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूला ते घासतं, तिथली कातडी सोलवटते.

शंभर टक्के पॉलिएस्टर हे दुसरं टोक. त्याचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही. सुती धागा साध्या हवेतही स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे ते लवकर सुकतं, पण घाम त्वचेवरच राहतो आणि साध्या पॉलिएस्टरमध्ये चिकचिक होते. शिवाय अंगातलं तेल पॉलिएस्टरला धरून बसतं, त्यामुळे काखेतला वास धुऊनही पूर्ण जात नाही. कपडा कपाटात कोरडा असताना वास येत नाही, घातल्यावर अंग तापलं की अर्ध्या तासात येतो, अशी तक्रार असेल तर कारण हेच.

पंख्याच्या वॉर्डासाठी आमची पसंती मिश्र कापडाला आहे: कॉटन ५५ ते ६० टक्के, बाकी पॉलिएस्टर, साधी पॉपलिन वीण, वजन दर चौरस मीटरला १३० ते १५० ग्रॅम. कापडवाले हे वजन 'जीएसएम' म्हणून सांगतात. बाजारात सहज मिळणाऱ्या टेरीकॉटमध्ये प्रमाण उलट असतं, पॉलिएस्टर ६५ आणि कॉटन ३५ च्या आसपास. तेही चालतं, पण मग वीण सुटसुटीत हवी. ट्विल म्हणजे तिरप्या रेघांची वीण टिकाऊ असते, पण त्याच सुताची ती जास्त दाट आणि जड होते. ती हिवाळ्यात किंवा एसी आयसीयूत घाला.

ताणलं जाणारं, चारी बाजूंनी लवचीक असं स्क्रबचं कापड सध्या फार खपतं. ते बहुधा पॉलिएस्टर, व्हिस्कोस आणि थोडं स्पॅन्डेक्स असं असतं. एसी ओटीत त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण ते अंगासरशी शिवलं जातं, बहुतेकदा १७० जीएसएमच्या पुढे असतं, आणि अंग व कापड यांच्यामध्ये हवेला वाटच उरत नाही. त्यात स्पॅन्डेक्सला ब्लीच आणि कडक गरम पाणी सोसत नाही. काही महिन्यांत गुडघे आणि बैठक पोक काढतात. जनरल वॉर्डासाठी ते टाळा.

'जंतुरोधक' किंवा 'डाग न धरणारं' असं लेबल लावून जास्त पैसे घेतले जातात, त्याबद्दलही एक शब्द. जंतुरोधक लेप धुण्यात हळूहळू जातो आणि तो असला तरी धुणं चुकत नाही. पाणी उडवून लावणारा लेप बाहेरचा शिंतोडा अडवतो, पण आतला घामही कापडात पसरू देत नाही. रक्ताचा शिंतोडा अडवायचं काम प्लॅस्टिकच्या एप्रनचं आहे, ते रोजच्या स्क्रबकडून करून घेऊ नका.

फार पातळ कापड का फसवतं

हलकं म्हणून १०० जीएसएमचं कापड घ्यावंसं वाटतं. पांढऱ्या किंवा फिक्या आकाशी रंगात ते घामाने भिजलं की आरपार दिसतं, मग आत स्लिप किंवा बनियन घालावं लागतं. दोन थर झाले की एका जाड कापडाएवढंच गरम होतं, वर दोन कपडे सुकवायचे. त्यामुळे आत जास्तीचा थर लागणार नाही असं सर्वांत पातळ कापड शोधायचं.

ही परीक्षा दुकानातच होते. नमुन्याचा कोपरा पाण्याने भिजवा, पिळा आणि वर्तमानपत्रावर सपाट ठेवा. बातमीची बारीक अक्षरं वाचता आली तर कापड बाद. मथळा पुसटसा जाणवतो पण बातमी वाचता येत नाही, इतपत चालेल. रंग निवडायची मुभा असेल तर एवढं लक्षात घ्या की घामाचे पट्टे सर्वांत जास्त दिसतात ते राखाडी आणि मध्यम निळ्यावर. गडद नेव्ही आणि पांढऱ्यावर कमी. रंगाचा नियम रुग्णालयागणिक वेगळा असतो, म्हणून कापड फाडून घेण्याआधी सिस्टर इनचार्ज किंवा मेट्रनना नमुना दाखवून घ्या.

दुकानात काय तपासायचं

दुकानदार सांगेल ते जीएसएम खरं धरू नका, कारण ते तोलता येतं. ५८ इंची पन्ह्याचं एक मीटर कापड म्हणजे साधारण १.४७ चौरस मीटर. १५० जीएसएमचं कापड असेल तर त्या एका मीटरचं वजन २२० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. ३१० ग्रॅम भरलं तर कापड २१० जीएसएमचं आहे, परत ठेवा. ३६ किंवा ४४ इंची पन्हा असेल तर इंचांना २.५४ ने गुणून सेंटिमीटर करा, १०० ने भागा, आणि मीटरभर कापडाच्या वजनाला त्या आकड्याने भागा.

नंतर कापड एकपदरी धरून तोंडाजवळ न्या आणि त्यातून फुंका. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा स्पष्ट लागली पाहिजे. दोन कापडं हातात असतील तर फरक लगेच कळतो, म्हणून ही परीक्षा नेहमी तुलनेने करा.

कापडातलं कॉटन खरंच आहे का, हे कडेचे चार धागे उसवून, बाहेर मोकळ्या जागी, चिमट्यात धरून जाळून पाहा. कॉटन कागदासारखं जळतं, जळक्या कागदाचा वास येतो आणि राख मऊ भुरकट पडते. पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं: जळतंही आणि टोकाला कणीही उरते. प्रमाण यातून कळत नाही, पण 'प्युअर कॉटन' म्हणून दिलेल्या कापडात मणी उरला तर दुकान बदलायला हरकत नाही.

पाण्याचा थेंब टाकून शोषण बघण्याची पद्धत लोकप्रिय आहे. नव्या कापडावर ती फसते, कारण त्यावर खळ आणि मऊपणाचा लेप असतो. ती धुतल्यानंतर करा.

चार जोड शिवण्याआधी एक मीटर घरी आणा

हा टप्पा बहुतेक जणी गाळतात आणि पस्तावतात. एक मीटर कापड आणा, त्याचा ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि कडा टीप मारून घ्या. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. ग्रॅममध्ये येईल त्याला ४ ने गुणलं की थेट जीएसएम मिळतं. मग चौकोनाच्या आत ४० सेंटिमीटर अंतरावर रंगीत दोऱ्याने दोन खुणा उभ्या आणि दोन आडव्या घाला. ड्यूटीचे कपडे तुम्ही ज्या पाण्यात आणि पावडरीत धुणार त्यातच तीनदा धुऊन वाळवा आणि खुणांमधलं अंतर पुन्हा मोजा. ४० चे ३८.८ झाले तर कापड ३ टक्के आटलं. चाळीस इंची पँटच्या लांबीत तो फरक सव्वा इंचाचा होतो, म्हणजे पँट घोट्याच्या वर चढते. आटणारं कापड वाईटच असतं असं नाही. शिंप्याकडे देण्याआधी सगळं कापड गरम पाण्यात भिजवून वाळवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आता सुकण्याची परीक्षा. समजा तुमच्याकडे दोन नमुने आहेत, एक २०० जीएसएमचं शुद्ध सुती आणि एक १४४ जीएसएमचं मिश्र. चौकोन कोरडे तोलले: ५० ग्रॅम आणि ३६ ग्रॅम. दोन्ही भिजवून सारख्याच जोराने पिळले आणि पुन्हा तोलले: सुती ९५ झालं, मिश्र ६०. म्हणजे सुतीत ४५ ग्रॅम पाणी आहे, मिश्रमध्ये २४. आता एकाच पंख्याखाली, एकाच दोरीवर दोन तास टांगून परत तोलायचं. सुती भरलं ७२, मिश्र ४०.

आकडे नीट पाहा. दोन तासांत सुतीतून २३ ग्रॅम पाणी उडालं आणि मिश्रमधून २०. उडण्याचा वेग जवळपास सारखाच आहे, कारण तो हवा आणि पंखा ठरवतात. फरक पडला तो मुळात धरलेल्या पाण्यात. सुतीत अजून निम्मं पाणी शिल्लक आहे, मिश्र जवळजवळ सुकलं. अंगावरही हेच घडतं, आणि दोरीवरही. तुमच्या नमुन्यांचे आकडे वेगळे येतील. दोन तासांनी मूळ पाण्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त उरत असेल तर ते कापड पावसाळ्यात घेऊ नका, ही साधी सीमा ठेवा. परीक्षा दमट दिवशीच करा. डिसेंबरात सगळीच कापडं पास होतात.

शिंप्याला नेमकं काय सांगायचं

चांगलं कापड घट्ट शिवलं की त्याचा गुण संपतो. वरच्या कुर्त्याला छातीच्या मापावर ५ ते ६ इंच ढिलाई ठेवायला सांगा, बगल खोल कापायला सांगा आणि दोन्ही बाजूंना खाली ४ इंचांचे कट. बाही कोपराच्या वर संपली पाहिजे, हात धुताना ती भिजत नाही. गळ्याचा 'व्ही' किती खोल, हे आरशासमोर ताठ उभं राहून ठरवू नका. खाटेवरच्या पेशंटला वळवताना वाकतो तसं वाकून ठरवा.

पँटमध्ये खरी मेख असते ती आसनात आणि कमरेत. आसन तोकडं असेल तर उकिडवं बसताना शिवण जांघेत रुतते आणि तिथे घाम साचतो. आसनाची आणि मांडीची शिवण आत दुमडून सपाट टीप मारायला सांगा. नुसती ओव्हरलॉकची उघडी कड ओल्या कातडीवर घासते. कमरेला पूर्ण गोल इलॅस्टिक नको. मागे अर्धं इलॅस्टिक आणि पुढे नाडी ठेवली की ड्यूटीच्या मध्यात सैल करता येते. कमरेच्या पट्ट्याखाली आणि जांघेत गोल कडेचे खाजरे चट्टे उठले तर ते घामोळं नसून गजकर्ण असण्याची शक्यता मोठी आहे. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावलं की खाज दोन दिवस थांबते आणि चट्टा पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पँटचा काठ बूट घालून जमिनीपासून एक इंच वर ठेवा. फरशीला टेकणारा काठ पुसलेल्या फरशीवरचं पाणी वर ओढतो आणि पोटरीपर्यंत ओला होतो. घोट्याशी इलॅस्टिक असलेली पँट दिसायला बरी, पण खालून येणारी हवा तीच बंद करते.

खिसे खाली दोन आणि छातीवर एक छोटा, इतके पुरतात. मोबाइल, कात्री, चिकटपट्टीचा रोल, पेनं असं सगळं छातीच्या खिशात कोंबलं की गळा पुढे ओढला जातो. खिशाच्या कोपऱ्यांना जास्तीचा टाका आणि शिवायला पॉलिएस्टरचा दोरा. सुती दोरा गरम धुण्यात आटून शिवण चुरगळते.

धुण्यात बिघडतं ते

वॉर्डात वावरलेले कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. मशिनला हीटर असेल तर ६० अंशांचा, किमान दहा मिनिटं ते तापमान टिकवणारा कार्यक्रम लावा, आणि ड्रम ठासून भरू नका. हीटर नसेल तर बादलीत जितकं नळाचं पाणी तितकंच, किंवा किंचित जास्त, उकळतं पाणी घातलं की साधारण ६० अंश होतं. पावडर टाका, कपडे लाकडी काठीने बुडवा, झाकण ठेवा. ते पाणी हाताला पोळतं, हात घालू नका. रक्ताचा डाग मात्र आधी थंड पाण्यात काढायचा. गरम पाण्यात रक्तातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात.

खिशाच्या तोंडाशी आणि कुर्त्याच्या बाजूंना तपकिरी डाग पडतात आणि ब्लीच घालावं तसे ते वाढतात, हा अनुभव अनेक जणींना आहे. त्याचं मूळ हँडरबमध्ये आणि स्क्रब सोल्यूशनमध्ये असलेलं क्लोरहेक्सिडीन. ते कापडाला चिकटून राहतं आणि क्लोरीनच्या ब्लीचशी, म्हणजे हायपोक्लोराइटशी, गाठ पडली की तपकिरी होतं. एकदा पडलेला डाग सहसा निघत नाही. तेव्हा हात कपड्याला पुसायचे नाहीत, ब्लीच लागणारच असेल तर ऑक्सिजनवालं म्हणजे सोडियम परकार्बोनेटचं घ्यायचं. हायपोक्लोराइट फरशीवरचं रक्त पुसायला ठेवा.

कापड मऊ करणारं सुगंधी कंडिशनर वापरू नका. ते धाग्यांवर पातळ थर चढवतं, घाम कापडात पसरायचा थांबतो, आणि इतकं तोलून-मापून आणलेलं कापड पुन्हा चिकट लागायला लागतं.

पावसाळ्यात घरात टांगलेला जोड सुकायला दीड दिवसही लागतो. जाड भाग, म्हणजे कमरेचा पट्टा आणि खिशांचे कोपरे, सर्वांत शेवटी सुकतात आणि कुबट वास तिथूनच सुरू होतो. कपडे उलटे करून, खिसे बाहेर काढून टांगा आणि शेवटचा ओलावा इस्त्रीने काढा. या हिशेबाने चार जोड लागतात: एक अंगावर, एक दोरीवर, एक तयार, आणि एक लॉकरमध्ये, उलटी किंवा रक्त सांडलं तर बदलायला.

पायातला जोड: आधी पेशंटच्या बाजूचे धोके

वॉर्डात पायाला तीन गोष्टींपासून जपायचं असतं: वरून पडणारी सुई, सांडलेलं रक्त किंवा लघवी, आणि ओली फरशी. सुई बहुतेकदा पुढच्या भागावर पडते. त्यामुळे पुढून उघडी सँडल, वर भोकं असलेले क्लॉग आणि जाळीचे रनिंग शूज हे तिन्ही बाद. जाळीचे बूट हवेला बरे असतात, म्हणून मोह होतो. पण त्यातून सुईही जाते आणि द्रवही. हवेसाठी भोकं हवीच असतील तर ती मागच्या बाजूला, टाचेच्या वर असलेली घ्या.

टाच मागून बंद किंवा पट्ट्याने धरलेली हवी. पट्टा नसलेल्या क्लॉगमध्ये प्रत्येक पावलाला बोटं आखडून बूट धरावा लागतो. क्रॅश कार्टकडे धावताना तो निसटतो, आणि बारा तास बोटं आखडल्याने पोटऱ्या दुखतात ते वेगळंच. क्लॉगचा पट्टा वर उलटवून ठेवायची सवय असेल तर पट्टा असून नसल्यासारखा.

सोल

घसरण्याचा प्रश्न कोरड्या फरशीवर नसतोच. साबण किंवा फिनाइलचं पाणी लावून नुकतीच पुसलेली चकचकीत टाइल, हीच खरी परीक्षा. कडक पीव्हीसीचा सोल तिथे घसरतो. नखाने दाबून पाहा: रबराच्या सोलवर किंचित खूण उमटून परत येते, कडक प्लॅस्टिकवर नख सरकतं. सोलवरच्या खाचा दोन-तीन मिलिमीटर खोल आणि कडेपर्यंत उघड्या असाव्यात, म्हणजे पाऊल टेकताना पाणी बाहेर ढकललं जातं. मध्येच बंद होणाऱ्या गोल नक्षीत पाणी अडकतं. फार खोल खाचांत वॉर्डाची घाण अडकते, तेही नको.

खोक्यावर किंवा जिभेवर मानकाचं नाव शोधा. भारतीय मानक आयएस १५२९८ च्या चौथ्या भागात कामावरच्या पादत्राणांचा विचार आहे. परदेशी जोडांवर ईएन आयएसओ २०३४७ असतं. या दुसऱ्या मानकात जुन्या आवृत्तीप्रमाणे 'एसआरसी' असं लिहिलेलं असेल तर तो सोल साबणाच्या पाण्यातल्या टाइलवर आणि ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवर असा दोन्हीकडे तपासलेला असतो. नुसतं 'अँटी-स्लिप' हा शब्द छापलेला असेल तर त्याला काही अर्थ नाही.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या सोलबद्दल किनारपट्टीवर जरा जास्तच सावध राहावं. पीयूचे अनेक सोल हवेतल्या ओलाव्यानेच आतून तुटत जातात. बूट न वापरता कपाटात ठेवला तरी ही क्रिया थांबत नाही. दोन-चार वर्षं पडून राहिलेला, दिसायला कोरा जोड पहिल्याच आठवड्यात टाचेकडून भुग्यासारखा सुटू लागतो, त्याचं कारण हे. म्हणून सेलमधला जुना साठा घेताना खोक्यावरचा निर्मितीचा महिना-वर्ष वाचा आणि वर्षापेक्षा जुना पीयू जोड घेऊ नका. सोल अंगठ्याने दाबताना बारीक चिरा दिसल्या किंवा हाताला चिकट लागला तर क्रिया सुरू झालेली आहे. रबराच्या सोलला हा त्रास नाही. ईव्हीए, म्हणजे क्लॉगचं फेसासारखं हलकं साहित्य, ओलाव्याने तुटत नाही पण वजनाने चेपतं, आणि उन्हात आकसतं. धुतलेले क्लॉग कडक उन्हात वाळवून अर्ध्या नंबरने लहान झाल्याचं पाहिलं की लोक कंपनीला बोल लावतात. ते सावलीतच वाळवायचे असतात.

माप आणि बसणं

बूट संध्याकाळी किंवा ड्यूटी संपल्यावर, ड्यूटीचेच मोजे घालून घ्या, कारण तेव्हा पाय सुजलेला असतो. कागदावर उभं राहून दोन्ही पावलं आखा आणि मोठ्या पावलाचं माप धरा. घातल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी. चवड्याची रुंदी तर हमखास विसरली जाते. आखलेल्या कागदावर बूट ठेवा. चवड्याची रेघ बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसली तर नंबर बरोबर असूनही बूट अरुंद आहे. मोठा नंबर घेऊन हे सुटत नाही, कारण मग टाच मागे हलते. रुंद साचा शोधावा लागतो.

टाच सपाटही नको, उंचही नको. चवड्यापेक्षा दोन ते चार सेंटिमीटर वर असलेली ठीक. बूट दोन्ही हातांनी वाकवा. तो चवड्याशी वाकला पाहिजे. मधोमध कमानीशी दुमडला किंवा फडक्यासारखा पिळला गेला तर तो पायाला आधार देणार नाही. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेत कळ येत असेल तर असा मऊ, दुमडणारा जोड आधी बाजूला काढा.

घाम, मोजे आणि चिखल्या

बंद बुटातला पाय दमट वॉर्डात भिजणारच. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी, भिजकी होऊन सोलली, खाज सुटली की त्या चिखल्या. औषध लावूनही त्या परत येतात, कारण बूट ओलाच असतो.

तेव्हा आतली गादी सुटी निघणारा जोड घ्या. ईव्हीएचा क्लॉग घाम अजिबात पीत नाही, तो तळाशी साचतो. त्यात कापडाचं आवरण असलेली सुटी गादी घाला आणि गाद्यांचे दोन संच ठेवा. चामड्याचा बूट घाम शोषतो आणि पायाला जास्त सुखाचा असतो, पण पावसाळ्यात एका रात्रीत सुकत नाही. म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरणं हाच खरा उपाय. एक महाग जोड घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन मध्यम जोड या हवेत जास्त उपयोगाचे. घरी आल्यावर गादी काढून उभी ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी ते बदला आणि पंख्यासमोर ठेवा.

मोज्यांत जाड शुद्ध सुती टाळा, कारण तेच: भिजतात आणि भिजलेलेच राहतात. कॉटनमध्ये नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेले, पातळ, बोटांशी जाड शिवण नसलेले मोजे घ्या. बारा तासांच्या रात्रीत एक जोड मध्ये बदला. दोनच्या औषधांनंतर पाच मिनिटं मिळाली तर बेचक्या टिपून कोरडे मोजे चढवा. पायांना सूज येत असेल तर १५ ते २० मिलिमीटर दाबाचे कॉम्प्रेशन मोजे उपयोगी पडतात, पण ते गरम होतात. मधुमेहाने पाय बधिर असतील किंवा पायाच्या रक्तपुरवठ्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालायचे नाहीत.

जोड कधी टाकायचा

रोजच्या ड्यूटीत जोड साधारण सहा महिने ते वर्षभर चालतो, पण महिने मोजत बसण्यापेक्षा बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच आत किंवा बाहेर कलली असेल, सोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या बसल्या असतील आणि अंगठ्याने दाबल्यावर फेस परत वर येत नसेल, तर वरून कोरा दिसला तरी तो संपला. खाचा झिजून सपाट झालेला जोड घरी बाजारहाटाला वापरा, वॉर्डात नको. स्क्रबच्या बाबतीत पहिलं लक्षण बैठकीत दिसतं: कापड उजेडासमोर धरलं की तिथली वीण विरळ झालेली कळते. असा जोड लॉकरमधल्या जास्तीच्या जोडाच्या जागी जाऊ देऊ नका. तो जोड अचानक लागतो, आणि लागतो तेव्हा बदलायला दुसरा नसतो.